नकाराच्या पत्राला मैनाआत्याने पाठवलेलं उत्तर

पेणमध्ये गणपती घडवणारे पुष्कळ आहेत, पण गणपतीने कुणाकडे बघायचं हे माझी मैनाआत्या ठरवते. ती हैबतरावांच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करते. मूर्ती साच्यातून निघते, घासली जाते, रंगवली जाते, आणि तोपर्यंत ती आंधळी असते. मग ती आत्यासमोर येते. आत्या श्वास रोखते, ब्रशची एक रेघ ओढते, श्वास सोडते. चौदा वर्षं हेच. वय तेहेतीस, लग्न केलेलं नाही, राहायला आमच्याकडे, म्हणजे तिच्या भावाकडे. तिचा भाऊ म्हणजे माझे पप्पा, शिवा, एस.टी. डेपोत मेकॅनिक.

आत्या स्वतः फार कमी बोलते, त्यामुळे तिची नक्कल करण्यात काही मजा नाही. तिच्या आजूबाजूच्या माणसांची करावी. हैबतराव पोट पुढे काढून बोलतात आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी स्वतःलाच विचारतात, "काय म्हणतो मी?" त्यांचा मुलगा मितेश मुंबईहून कॉम्प्युटर शिकून आल्यापासून 'बेसिकली' म्हटल्याशिवाय पाणीही मागत नाही. "मम्मी, बेसिकली, पाणी." आणि पप्पा. पप्पांचं सगळं बोलणं एका ठरलेल्या थांब्यावर येऊन उभं राहतं: "आपल्या घरात ही पद्धत नाय. विषय संपला." टीव्ही जास्त बघितला, विषय संपला. मम्मीला ड्रेस घालायचा होता, विषय संपला. हे मी इतकं हुबेहूब करते की एकदा मम्मीने आतून घाबरून टीव्ही बंद केला होता.

हैबतरावांच्या कारखान्याची एक रीत आहे. मूर्ती नापसंत झाली तर नुसतं 'नको' म्हणायचं नाही. लाल खडूने चुकीच्या जागी खूण करायची आणि मगच ती कारागिराकडे परत द्यायची. आत्या तिथे पहिल्यांदा गेली तेव्हा तिच्या अकरा मूर्ती परत आल्या होत्या, आणि अकराही मूर्तींच्या डोळ्यांजवळ लाल खुणा होत्या. हैबतराव तेव्हा म्हणाले होते, "ज्यानं नको म्हटलं, त्यानं का नको ते दाखवलंच पायजे. नायतर तो मालक कसला? काय म्हणतो मी?" आत्याने ते मनावर घेतलं. ती कुणी भाजीला नावं ठेवली तरी विचारते, "मीठ, की तिखट?"

नव्व्याण्णवच्या जानेवारीत पेपरात एक जाहिरात आली. सिंगापूरची एक कंपनी बागांमध्ये आणि संग्रहालयांमध्ये ठेवायला माणसांचे पुतळे बनवायची, अगदी खरी वाटणारी माणसं, आणि त्यांना चेहरे रंगवणारे कारागीर हवे होते. दोन वर्षांचा करार. अर्ज ई-मेलने. आमच्या ओळखीत ई-मेल एकाकडेच होता, मितेशकडे. अमेरिकेतल्या मंडळांच्या ऑर्डरी येतात म्हणून हैबतरावांनी कारखान्याच्या माडीवर कॉम्प्युटर बसवला होता. मितेशने हसत हसत अर्ज पाठवला. "बेसिकली मैनाताई, गंमत म्हणून टाकून बघू." हैबतरावही हसले. "जा गो, सिंगापूरच्या बाहुल्यांना डोळे लाव."

मग कंपनीचं बोलावणं आलं आणि कुणी हसेना. आत्या मुंबईला एका हॉटेलात जाऊन फायबरच्या मुखवट्यावर डोळे काढून आली. चाळीस जण होते म्हणाली. परत आली ती वेगळीच होऊन. कारखान्यात देवाचे डोळे काढायची आणि घरी आल्यावर आमचे बघत बसायची. मी जेवताना वर बघितलं की ती माझ्या पापणीकडे बघत असायची. "ऋतुजा, हलू नको," म्हणायची, "तुझी खालची पापणी ओली दिसते. ती कशी काढायची असेल?" ती जागा तिला हवी होती. तोंडाने ती कधी म्हणाली नाही, पण तिने मुंबईला दोन खेपा घालून पासपोर्ट काढला, यावरून काय ते समजा.

बावीस एप्रिलला मितेशने तिला माडीवर बोलावलं. मी दहावीची परीक्षा देऊन मोकळी होते, म्हणून मीही गेले. मितेशने तिच्या हातात एक कागद दिला. कागदावर कॉम्प्युटरच्या पडद्याचं चित्रच छापलेलं होतं, कंपनीचं नाव, कारखान्याचा ई-मेलचा पत्ता, तारीख आणि खाली चार ओळी इंग्रजी.

"ह्याला स्क्रीनशॉट म्हणतात," मितेश म्हणाला. "बेसिकली पडद्याचा फोटो. पत्र कुणीपण टाइप करेल, पण हा फोटो आहे. हे बघ, तुमची निवड करू शकत नाही, आम्हाला खेद आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा."

आत्याने कागद उलटा करून मागे बघितलं. मागे कोरं होतं.

"का नाय निवडलं, ते?"

"तसं लिहीत नाहीत."

"विचारूया?"

"वेडी आहेस? बेसिकली कंपनीला राग येतो. मग काळ्या यादीत टाकतात."

हैबतराव जिना चढून आले. त्यांनी आत्याच्या डोक्यावर हात ठेवला. खरंच ठेवला, मी बघितलं. "पोरी, आपला देव तुला सोडत नाय म्हणायचा. आठ दिवसात अमेरिकेचा माल पॅक व्हायचाय. डोळे कोण काढणार? काय म्हणतो मी?"

आत्या खाली गेली आणि कामाला लागली. त्या दिवशी तिने त्रेसष्ट मूर्तींचे डोळे काढले. घरी तिने पप्पांना विचारलं, "माझं काय चुकलं असेल?" पप्पा म्हणाले, "असेल काहीतरी, त्यांना जास्त कळतं. झालं ते बरंच झालं," आणि बातम्या लावल्या.

पण आत्या कागद घेऊन झोपायची. एकदा मला म्हणाली, "नाय म्हटल्याचं दुःख नाय गो. चाळीस जण होते. पण चूक रेषेत होती की रंगात, ते कळल्याशिवाय मी सुधारू काय?"

शुक्रवारी कारखान्याची वीज बंद असते, रंगाच्या फवारणीचं काम होत नाही, म्हणून सुट्टी. सात मेच्या शुक्रवारी आम्ही रोह्याला गेलो. मावशीकडे जातो असं घरी सांगितलं. मावशी रोह्यालाच असते, तिच्याकडे चहा प्यायलो, म्हणजे खोटं नव्हतं. गाडीत आत्या पिशवीतला कागद पुन्हा पुन्हा काढून बघत होती. कासू स्टेशनला एक बाई सुकी मच्छी घेऊन चढली आणि वास आल्यावर आत्या म्हणाली, "इंग्रजीत आदराने कसं लिहितात?"

मी म्हटलं, "'सर' लिहितात."

"आणि?"

"आणि शेवटी परत 'सर'."

रोह्याला बाजारात अजरा मुकादमचं दुकान आहे. एस.टी.डी., झेरॉक्स, पासपोर्टचे फोटो आणि फेब्रुवारीपासून इंटरनेट. तिचा नवरा खलील कतारला असतो. आखातात माणसं असलेल्या सगळ्या बायका तिच्याकडे येतात आणि ती त्यांची पत्रं वाचून दाखवते. सगळ्यांची गुपितं तिला ठाऊक, पण तोंडातून एक बाहेर पडत नाही. अजराभाभी बी.ए. आहे आणि बोलताना समोरच्याला वाक्य पुरं करू देत नाही.

"नोकरी नाय मिळाली, मग आता काय भांडायचंय?"

"भांडायचं नाय. विचारायचंय."

"काय विचारायचंय?"

"काय चुकलं ते."

अजराभाभी काउंटरच्या मागून बाहेर आली. मग खुर्ची ओढून म्हणाली, "बस गो. पयली बाय बघते अशी. इथं येणारे सगळे लिवतात, साहेब मी गरीब आहे, साहेब परत बघा. तू सांग, मी लिवते."

आधी तिने आत्याचा स्वतःचा पत्ता काढून दिला, फुकटचा, आणि परवलीचा शब्द आत्यालाच टाइप करायला लावला. स्वतः भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आत्याने एका बोटाने आठ अक्षरं शोधली, तेवढ्यात दोन बायका झेरॉक्स काढून गेल्या. मग आत्या मराठीत सांगत गेली. ते मी वहीत उतरवून घेतलं होतं, ते असं:

'माननीय साहेब, आपलं निवड न झाल्याचं पत्र मिळालं. त्याचा फोटो सोबत जोडला आहे. आपल्या निर्णयाबद्दल तक्रार नाही. आपण मला मुंबईला बोलावलंत, चहा दिलात, त्याबद्दल आभारी आहे. एक विनंती आहे. मी काढलेल्या डोळ्यांत चूक कुठे होती, वरच्या पापणीच्या रेषेत, बुबुळाच्या जागेत की रंगात, ते दोन ओळींत कळवलंत तर पुढच्या वेळी सुधारीन. वेळ नसेल तर नुसता एक शब्द कळवा. आपली नम्र, मैना.'

"चहा काढून टाकू?" अजराभाभी म्हणाली.

"दिला होता त्यांनी."

"बरं, ठेवते चहा."

कागद तिच्या स्कॅनरवर ठेवला. हिरवा उजेड एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला. फोटो जोडायला एवढा वेळ लागला की मधे दोनदा लाइन तुटली आणि दोनदा मोडेम पुन्हा केकाटला. तो आवाज मी अजून काढून दाखवते, मांजराची शेपटी दारात सापडल्यावर येतो तसा. आत्या हसली. एप्रिलनंतर पहिल्यांदा. परतीच्या गाडीत तिने मला भेळ घेऊन दिली.

पुढच्या शुक्रवारी, चौदा तारखेला, आम्ही परत गेलो. उत्तर आलं होतं. लांबलचक.

अजराभाभी पडद्याकडे बघून मराठी सांगायला लागली. "प्रिय कुमारी मैना, तुमचं सभ्य पत्र वाचून आनंद झाला..." आणि थांबली. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. तिची वाक्यं कधी थांबत नाहीत, म्हणून मी तिच्याकडे बघितलं.

"काय गो?" आत्या म्हणाली. "वाईट लिवलंय? सांग ना. मी ऐकून घ्यायलाच आलेय."

"मैना, आधी हे सांग, तुझ्याकडून कुणी त्यांना पत्र घातलं होतं? एप्रिलात?"

"नाय."

"मग ऐक." अजराभाभी आता सावकाश बोलत होती, एकेक शब्द ठेवत. "ते म्हणतात, तुम्ही जोडलेलं पत्र आमचं नाही. आमच्याकडून असं पत्र गेलेलं नाही. पंधरा एप्रिलला आम्ही तुम्हाला लिहिलं होतं की पहिल्या परीक्षेत तुम्ही उत्तीर्ण झालात, तीन मे रोजी दुसऱ्या परीक्षेला मुंबईला या. वीस एप्रिलला तुमच्या त्याच पत्त्यावरून आम्हाला नकार आला."

आत्याने हातातल्या रुमालाची घडी केली. उलगडली. परत घडी केली.

"कुणाचा नकार?"

"तुझा. तुझ्या नावाचा. त्यांनी खाली तो जोडलाय." अजराभाभीने खाली सरकवलं. "'माननीय साहेब, मला येता येणार नाही. आमच्या घरात ही पद्धत नाही. विषय संपला.'"

अजराभाभी हसली, रागाने. "हे कसलं लिवणं? कंपनीला कुणी असं लिवतं?"

मी हसले नाही. इंग्रजीत लिहिलेलं, मराठीत उलटवलेलं, रोह्यातल्या बाईच्या तोंडून ऐकलेलं, तरी ते मला लगेच ओळखू आलं. मी त्या आवाजाची शंभर वेळा नक्कल केली आहे. मी आत्याकडे बघितलं. तिने ओळखलं होतं. तीही त्याच घरात राहते.

मितेशने तो खोटा कागद कसा केला असेल हे अजराभाभीनेच दाखवलं. तिने आलेलं पत्र पुढे पाठवायचं बटण दाबलं, तर पत्राचा मजकूर खोडता येऊ लागला. वरचं नाव, पत्ता, तारीख तशीच. खालचं खोडायचं, हवं ते लिहायचं, पाठवायचं नाही, नुसता पडद्याचा फोटो काढायचा आणि चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये 'पुढे पाठवा' वगैरे बटणांची वरची पट्टी कापून टाकायची. "बघ, ह्या तुझ्या कागदावर वरची पट्टी हाय कुठं? मला त्या दिवशीच दिसायला पायजे होतं." ती कपाळावर हात मारून घेत होती. आत्या म्हणाली, "राहू दे गो. तू कशाला."

मग विचारलं, "पत्र संपलं?"

"नाय. तू विचारलं होतंस ना चूक कुठली, ते लिवलंय." अजराभाभीने डोळे पुसले. "म्हणतात, चाळीस जणांत तुमचे डोळे सर्वांत जिवंत होते. दोष एकच. वरच्या पापणीची रेघ जाड आहे. देवाचे डोळे लांबून बघायचे असतात म्हणून ती जाड असते, माणसाचे जवळून बघतात. महिनाभर शिकवल्यावर ते सुधारलं असतं. दहा मे रोजी सगळ्या जागा भरल्या, याचं आम्हाला वाईट वाटतं."

आज चौदा. आत्याने बोटांवर मोजलं नाही, पण मी मोजले. चार दिवस.

तिने तिथेच दुसरं पत्र सांगितलं, फार छोटं. पापणीबद्दल आभार मानले, आणि लिहिलं की तो नकार माझा नव्हता. कुणाचा होता ते सांगू का, असं अजराभाभीने विचारलं. आत्या म्हणाली, "ते त्यांचं काम नाय."

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात गेली, रोजच्या वेळेला. मी मागून गेले. हैबतराव पुढच्या मालाच्या खोक्यांवर पत्ते लिहून घेत होते. आत्याने त्यांच्यापुढे अजराभाभीने छापून दिलेले कागद ठेवले, तिच्या नावाने गेलेला नकार आणि कंपनीचं उत्तर.

हैबतरावांनी चष्मा लावला, काढला. मितेशला हाक मारली. मितेश अर्ध्या जिन्यापर्यंत आला, कागद बघितले आणि तिथेच उभा राहिला. त्या दिवशी तो एकदाही 'बेसिकली' म्हणाला नाही.

"मला विचारायचं तरी," आत्या म्हणाली.

"विचारलं असतं तर तू गेली असतीस," हैबतराव म्हणाले. इतकं सरळ. "चौदा वर्षं तुला घडवली. दोनशे मूर्ती आंधळ्या पडल्या होत्या. बंदरातली बोट कुणासाठी थांबते? चतुर्थी झाल्यावर मीच तुला पाठवणार होतो. काय म्हणतो मी?"

"जागा भरली, दादा."

"दुसरी येईल."

"आणि माझ्या नावानं नाय म्हटलंत, ते?"

"मी नाय म्हटलं." हैबतरावांचा आवाज चढला. "परक्याच्या पोरीचा निर्णय मी कशाला घेऊ? मी शिवाला इथं बोलावलं. ह्याच खुर्चीत बसवला. कंपनीचं पत्र वाचून दाखवलं. तो बोलला, तेच मितेशनं घातलं. भावानं सांगितलं, मग मला कशाला विचारतेस?"

आत्याने मान हलवली. तिने आपल्या ब्रशांचा डबा उचलला. जाताना वाटेत एक मूर्ती होती, एक डोळा काढलेला, दुसरा कोरा. गुरुवारी तिने अर्धी सोडली होती. मला वाटलं आता थांबेल. ती थांबली नाही.

पप्पा दुपारी डेपोतून आले तेव्हा आत्या ओट्याजवळ उभी होती. मम्मीने ताट वाढलं आणि ती मागच्या दारी जाऊन उभी राहिली; मम्मीला आधीपासून ठाऊक होतं की नव्हतं ते मला अजून कळलेलं नाही.

"शिवादादा, हैबतदादांनी तुला खुर्चीत बसवून विचारलं?"

पप्पांचा घास हातातच राहिला. "कुणी सांगितलं?"

"त्यांनीच."

"मग झालं तर. आपल्याला काय, त्यांनी विचारलं, मी बोललो. एकटी बाईमाणूस, दोन वर्षं, समुद्रापल्याड. लोक मला विचारणार का तुला?"

"तुला कागद वाचून दाखवला होता. मी पास झाले ते तुला कळलं होतं."

पप्पांनी वरणात भात कालवायला घेतला.

"त्या दिवशी तू घरी येऊन बातम्या लावल्यास," आत्या म्हणाली. "मी कागद घेऊन बसले होते. माझी चूक काय म्हणून तुला विचारलं होतं मी. तुला. आणि तू म्हणालास, असेल काहीतरी, त्यांना जास्त कळतं."

"मग काय सांगायचं होतं?"

"काय चुकलं नव्हतं, एवढंच."

 पप्पा पाणी प्यायले. मग नेहमीच्या थांब्याकडे जायला निघाले, "हे बघ, आपल्या घरात ही..." आणि पुढे गेले नाहीत. आत्या त्यांच्याकडे निरखून बघत होती, मूर्तीचे डोळे बघते तसं.

"पासपोर्ट दे," ती म्हणाली.

पासपोर्ट पप्पांच्या कपाटात असतो, रेशनकार्ड आणि घरपट्टीच्या पावत्यांच्या पिशवीत. चावी त्यांच्या करगोट्याला.

"आता कशाला? जागा तर भरली म्हणतेस."

"दे."

"कुठं निघालीस?"

"हमरापूरला. तिथं गणपतीचे दहा कारखाने हायत. तिथंच खोली बघते."

"आणि लोकांना काय सांगू?"

"तुला सांगता येतं माझ्या नावानं," आत्या म्हणाली. "सांग काय पण."

पप्पा उठले. हात न धुताच त्यांनी कपाट उघडलं. पासपोर्टाच्या निळ्या पुठ्ठ्यावर वरणाचं बोट उमटलं. आत्याने ते पदराने पुसलं, आत उघडून आपला फोटो बघितला, आणि पासपोर्ट पोलक्यात ठेवून ती कपडे भरायला आत गेली.